पाणी बारीक येतंय, पण प्रेशर आहे

स्वयंपाकघरातल्या सिंकचा नळ पूर्ण उघडला तरी धार करंगळीएवढीही होत नाही. तांब्या भरेपर्यंत नुसतं उभं राहावं लागतं. भांडी घासणाऱ्या मावशी तर सरळ न्हाणीघरातून बादली भरून आणतात, कारण तिथला नळ धो धो वाहतो. दोन्ही नळांना पाणी येतं ते गच्चीवरच्या एकाच टाकीतून, एकाच पाइपाने. मग हा पंक्तिप्रपंच कोण करतं?

अशा वेळी आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "प्रेशर नाही." ते म्हणण्याआधी एकदा दोन्ही नळांच्या तोंडाकडे खालून पाहावं. बादलीच्या नळाला नुसतंच उघडं तोंड असतं. सिंकच्या किंवा बेसिनच्या नळाच्या टोकाला मात्र एक चकचकीत कडं असतं आणि त्याच्या आत जाळी दिसते. याला एरेटर म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात कोणी फोम फ्लो म्हणतं, प्लंबर नुसतं "जाळी" म्हणतो. धार बारीक झालेल्या नळांपैकी पुष्कळांचा दोष या जाळीतच असतो आणि तो हाताने, चिमूटभर खर्चात निघतो.

जाळीच्या आत काय चालतं

कडं आट्यांवर बसवलेलं असतं. फिरवून काढलं की आतून तीन गोष्टी निघतात. सगळ्यात वर रबरी वायसर, त्याखाली बारीक भोकांची प्लॅस्टिकची चकती आणि तिच्याखाली जाळ्या. काही एरेटरमध्ये चकतीच्याही वर आणखी एक घुमटासारखी जाळी असते, तिचं काम वाळू अडवण्याचं.

नळातून आलेलं पाणी चकतीच्या भोकांवर आपटतं. एवढ्या अरुंद वाटेने जायचं म्हणजे त्याला वेग घ्यावाच लागतो, त्यामुळे भोकांतून बारीक, वेगवान धारा निघतात. या धारा आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतात. ती हवा आत यावी म्हणून कड्याच्या कडेने बारीक फटी ठेवलेल्या असतात. हवा आणि पाणी खालच्या जाळीवर एकत्र आपटतात, त्यांची घुसळण होते आणि टोकातून पांढरट, फुगलेली, मऊ धार पडते. ताटावर पडली तरी शिंतोडे उडत नाहीत. दिसते जाड, पण तिच्यात बराच भाग हवेचा असतो. उघड्या तोंडाचा नळ मिनिटाला 10-15 लिटर सहज सोडतो. एरेटर लावलेला बहुतेक 5 ते 8 लिटरवर भागवतो. 2024 च्या उन्हाळ्यात बेंगळुरूत पाण्याची टंचाई झाली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने मोठ्या इमारती आणि व्यापारी आस्थापनांना एरेटर सक्तीचे केले, ते याच हिशेबाने.

म्हणजे जाळी चांगली असतानाही पाण्याला थोडी अडवतेच, तिचं कामच ते आहे. गडबड होते ती भोकं बुजू लागली की. भोकाचा व्यास निम्मा झाला तर त्याचं क्षेत्रफळ निम्मं होत नाही, चौथ्या हिश्शावर येतं आणि पाणीही जवळपास त्याच प्रमाणात घटतं. भोकं हळूहळू बुजतात, म्हणून सुरुवातीचे कित्येक महिने काही जाणवत नाही आणि मग "परवापर्यंत तर बरं चाललं होतं" असं वाटण्याइतका तो नळ अचानक मंदावतो.

दाब कुठे गेला? कुठेच नाही

बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला की काय होतं ते आठवावं. बादली भरायला वेळ जास्त लागतो, पण पाणी लांब उडतं. पाणी कमी झालं आणि जोर वाढला, या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात.

टाकीतल्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो: दर 10 मीटर उंचीला साधारण एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. नळ बंद असतो तेव्हा हा पूर्ण दाब नळाच्या मागे उभा असतो. नळ उघडला आणि पाणी वाहू लागलं की पाइप, बेंड, कॉक या सगळ्यांशी घासत येताना त्यातला बराचसा दाब खर्ची पडतो. पाणी जितकं जोरात वाहील तितका हा खर्च भराभर वाढतो: प्रवाह दुप्पट तर खर्च जवळपास चौपट. उलटही खरं. प्रवाह घटला की वाटेतला खर्च जवळजवळ नाहीसा होतो आणि सगळा दाब नळाच्या तोंडाशी येऊन थांबतो.

म्हणूनच बुजलेल्या जाळीची धार ओळखता येते. ती बारीक असते, पण तिच्यात जोर असतो. मधली भोकं बंद आणि कडेची एखाद-दोन उघडी असली तर धार तिरकी जाते, चिळकांड्या उडतात, समोरच्या माणसाचा सदरा भिजतो. पांढरा फेसाळपणा जातो, कारण हवेच्या फटीही बहुधा क्षारांनी भरलेल्या असतात. कड्याच्या बाजूने पाणी झिरपू लागणं हेही एक लक्षण आहे. समोरची वाट बंद झाल्यावर पाणी वायसरच्या फटीतून वाट शोधतं. खरोखर दाब कमी असेल तेव्हाची धार वेगळी दिसते: सुस्त, सरळ खाली लोंबणारी आणि घरातल्या सगळ्याच नळांना तशीच.

समोरच्या काकूंचा पंप

आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या सिंकला पाणी बारीक येऊ लागलं. प्लंबरने नळ उघडून पाहिला आणि निकाल दिला: "काकू, वरचा मजला आहे, प्रेशर कमीच असणार. टाकीवर पंप बसवून घ्या." वरच्या मजल्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता. टाकीतलं पाणी सिंकच्या नळापासून जेमतेम चार मीटर वर, म्हणजे दाब 0.4 किलो. त्याच इमारतीत तळमजल्याला तो कितीतरी जास्त मिळतो. पण काकूंचा न्हाणीघरातला नळ तितक्याच उंचीवर असून बादली झटकन भरत होता, ही गोष्ट त्याने विचारात घेतली नाही.

अशा वेळी लिटरचं माप आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. सिंकचा नळ पूर्ण उघडून एक लिटर भरायला 40 सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला दीड लिटर. कडं काढून, उघड्या नळाखाली तेच माप धरलं तर ते सात सेकंदांत भरलं. मिनिटाला साधारण साडेआठ लिटर झाले. निदान इथेच संपलं: टाकी, पाइप, कॉक, नळाच्या आतला भाग हे सगळं ठणठणीत होतं.

या दोन आकड्यांवरून दाबाचाही हिशेब मांडता येतो. कडं काढलेलं असताना चार मीटरचा जवळपास सगळा दाब साडेआठ लिटर पाणी वाटेतून ढकलण्यात खर्ची पडत होता. प्रवाह दीड लिटरवर, म्हणजे सहाव्या हिश्शाच्या आसपास आला, तेव्हा वाटेतला खर्च सहाच्या वर्गाने, छत्तिसाव्या हिश्शाच्या जवळपास घटला. चार मीटरपैकी जेमतेम अर्ध्या वितीएवढ्या उंचीचा दाब खर्च होत होता आणि उरलेला सगळा जाळीच्या पाठीवर टेकलेला होता. पंप बसवून तो दाब दुप्पट केला असता तरी बुजलेल्या भोकांतून पाणी दुप्पट आलं नसतं. भोकातून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, म्हणून दीडाचे दोन लिटर झाले असते, जास्तीत जास्त. वर चिळकांड्यांचा त्रास आणि विजेचं बिल.

जाळीवर दोन थर सापडले. वरच्या बाजूला काळपट बारीक रेती, कारण आठवड्यापूर्वी सोसायटीने टाक्या धुतल्या होत्या. खालच्या बाजूला पांढरा, खरबरीत, घट्ट थर. तो मात्र अनेक महिन्यांचा होता. रेती आली नसती तर आणखी काही काळ कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

पांढरा थर टोकालाच का धरतो

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम भरपूर असतो, दख्खनच्या पठारावर तर हमखास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅम कठीणपणा चालतो आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. हा कॅल्शियम पाण्यात विरघळून राहतो तो त्याच पाण्यातल्या कार्बन डाय ऑक्साइडच्या आधाराने. पाइपाच्या आत पाणी बंदिस्त असतं, तो वायू सुटून जाऊ शकत नाही. नळ बंद केल्यावर मात्र जाळीत पाण्याचा पातळ थर आणि एखादा लोंबता थेंब राहतो. त्यातला वायू उडतो, मग पाणी उडतं आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच पदार्थ, तारांना चिकटून राहतो.

एका थेंबात किती? लिटरला 500 मिलिग्रॅम कठीणपणा धरला तर 0.05 मिलिलिटरच्या थेंबात मिलिग्रॅमचा चाळिसावा हिस्सा. दिवसातून चाळीस वेळा नळ बंद केला आणि प्रत्येक वेळी थेंब वाळला असं मानलं तर दिवसाला एक मिलिग्रॅम, वर्षाला ग्रॅमचा तिसरा हिस्सा. प्रत्यक्षात पुढच्या वेळी नळ उघडला की त्यातलं बरंच वाहून जातं. पण भोकंच अर्ध्या-एक मिलिमीटरची, त्यांना बुजायला ग्रॅमभर कशाला लागतंय? गिझरमधून गरम पाणी येणाऱ्या मिक्सरला हा त्रास लवकर होतो, कारण तापल्यावर थर आणखी पटकन धरतो आणि गिझरमधले त्याचे पापुद्रेही सुटून येतात.

> जाळीत काय सापडलं?
>
> पांढरा, कडक, व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे सोडणारा थर: कठीण पाण्याचा क्षार.
>
> तांबूस पापुद्रे: जुन्या जीआय पाइपाचा गंज. जाळी साफ केली तरी पुन्हा येणार.
>
> काळपट रेती: बोअर किंवा टाकीचा तळ.
>
> काळे, बोटाला डाग पाडणारे मऊ कण: नळातलं किंवा जोडपाइपातलं रबर कुजू लागलंय.
>
> पांढरे चिवट धागे: आट्यांवर गुंडाळलेल्या टेपचे तुकडे, नवीन फिटिंगनंतर हमखास.
>
> मधाच्या रंगाचे बारीक गोल मणी: पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातलं रेझिन. यंत्राची आतली गाळणी फुटली आहे, ते आधी पाहा.

काढणं आणि धुणं

सिंकचं भोक आधी बंद करावं किंवा त्यावर फडकं पसरावं. वायसर आणि चकती निसटून पडतात आणि एकदा नालीत गेल्या की गेल्याच. मुख्य कॉक बंद करायची गरज नाही, नळ बंद असला की पुरे. कडं खालून वर पाहत असाल तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचं. हात घसरतो म्हणून रबरी हातमोजा घालावा. तेवढ्याने नाही निघालं तर कड्याभोवती जाड फडकं गुंडाळून पक्कड लावावी आणि हलक्या हाताने फिरवावं. फडक्याशिवाय पक्कड लावली तर चकाकीवर कायमचे ओरखडे येतात आणि जोरात आवळली तर कडं चेपून लंबगोल होतं. मग ते जन्मात फिरत नाही. काही नव्या नळांत एरेटर तोंडाच्या आत लपवलेला असतो, बाहेर पकडायला काहीच नसतं. त्यासाठी नळाच्या डब्यात प्लॅस्टिकची छोटी चावी आलेली असते, जी बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते. ती दुकानात सुटी मिळते.

क्षारांनी आटे जखडले असतील तर ओढाताण करू नये. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरं व्हिनेगर घेऊन ती नळाच्या टोकाला अशी बांधावी की कडं बुडेल. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करावा. सोनेरी किंवा काळ्या रंगाच्या नळांना मात्र हा उपाय नको, रंग जाऊ शकतो.

बाहेर आलेले भाग सुटे करण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढावा. कोणती बाजू वर होती हे धुऊन झाल्यावर आठवत नाही, आणि चकती उलटी बसली तर नळ साफ असूनही धार वेडीवाकडी पडते. मग प्रत्येक भाग उलटा धरून दुसऱ्या नळाखाली धुवावा, म्हणजे पाणी ज्या बाजूने बाहेर पडतं तिकडून आत सोडावं. भोकात वरून अडकलेला कण वरूनच धुतला तर आणखी घट्ट बसतो. रेती एवढ्याने निघून जाते. क्षार मात्र निघत नाहीत, त्यांना आंबट लागतं. वाटीत पांढरं व्हिनेगर घ्यावं किंवा कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबाचं सत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, विरघळवावं आणि जाळ्या त्यात बुडवून ठेवाव्यात. बारीक बुडबुडे सुटताना दिसतात. थरातल्या कार्बोनेटमधून कार्बन डाय ऑक्साइड सुटत असतो. बुडबुडे थांबले आणि थर तसाच असला तर आंबटपणा संपलाय असं समजावं, द्रावण बदलावं. तास-दीड तास बहुधा पुरतो. शेवटी जुन्या टूथब्रशने घासायचं. वायसर मात्र व्हिनेगरमध्ये टाकू नये, तो नुसता पाण्याने धुवावा.

दोन गोष्टी लोक हटकून करतात आणि त्या करू नयेत. एक, भोकांत टाचणी घालणं. प्लॅस्टिकच्या चकतीचं भोक टाचणीने वाकडं आणि मोठं होतं, धार फुटते. दुसरी, संडास धुण्याचं ॲसिड वापरणं. ते हायड्रोक्लोरिक असतं, क्षार क्षणात विरघळवतं खरं, पण त्याबरोबर स्टीलच्या जाळीला खड्डे पाडतं आणि नळाची चकाकी खाऊन टाकतं. ते आणि ब्लीच एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, ही भानगड तर वेगळीच.

कडं परत बसवण्याआधी नळ तसाच उघडा ठेवून अर्धी बादली पाणी सोडून द्यावं. पाइपात उरलेली रेती त्यात निघून जाते. सोसायटीची टाकी धुतली, लाइन फुटून दुरुस्त झाली किंवा दोन दिवसांनी पाणी आलं, तरी हेच करावं. त्या दिवशी पहिलं पाणी बादलीच्या उघड्या नळातून जाऊ द्यावं, जाळीच्या नळातून नाही. मग वायसर सपाट बसवून कडं हातानेच आवळावं. आट्यांवर टेप गुंडाळायची गरज नसते. पाणी अडवण्याचं काम वायसर करतो, आणि टेपचेच धागे पुढे जाळीत सापडतात. बाजूने पाणी झिरपलं तर जास्त आवळू नये, वायसर दुमडलाय का ते पाहावं.

काकूंच्या सिंकला या सगळ्यानंतर लिटरभर पाणी दहा सेकंदांत येऊ लागलं, मिनिटाला सहा लिटर. उघड्या नळाच्या साडेआठपेक्षा हे कमी आहे आणि तसंच असायला हवं.

जाळीचा दोष नसेल तेव्हा

कडं काढूनही धार बारीकच असेल तर दोष मागे आहे. सिंकच्या खालचा अँगल कॉक अर्धवट बंद नाही ना, जोडपाइप मुरडलेला नाही ना, हे आधी पाहावं. अँगल कॉक बंद करून जोडपाइपाचं नळाकडचं टोक सोडवावं, ते बादलीत धरून कॉक उघडावा. तिथे पाणी भरपूर असेल तर नळाच्या आतलं कार्ट्रिज अडलेलं आहे. मिक्सरमध्ये फक्त गरम पाणी बारीक असेल तर गिझरकडे जावं. टाकी रिकामी होऊन भरल्यानंतर वरच्या मजल्यावर पाइपात हवा अडकते, तेव्हा नळ खोकत, थांबत वाहतो. तो प्रकार वेगळा, त्यात जाळीचा काही संबंध नाही.

वरच्या मजल्यावर आणखी एक अडचण असते. पाणी वाचवणारे काही एरेटर मिनिटाला तीनच लिटर सोडावेत असे बनवलेले असतात आणि तो आकडाही किलोभर किंवा त्याहून जास्त दाब गृहीत धरून असतो. 0.4 किलोवर ते कोरे असतानाही रडत वाहतात. तिथे रोज जाळी धुऊन उपयोग नाही, जास्त प्रवाहाचा एरेटर घ्यावा. जाळी काढून फेकून देण्याचा सल्ला मात्र वरच्या मजल्यावर फार तर चालेल. खालच्या मजल्यांवर त्याच नळाचं पाणी ओट्यावर नाचतं.

तारा गंजल्या, चकती तडकली किंवा थर निघेचना झाला तर नवा एरेटर घेणंच स्वस्त पडतं. दुकानात जाताना जुना बरोबर न्यावा. कड्याला आटे बाहेरून असतील तर माप बहुधा 24 मिलिमीटर, आतून असतील तर 22. पण लहान बेसिनच्या नळांना वेगळी मापंही असतात, आणि दुकानदाराला "नेहमीचा द्या" म्हटलं की दुसरी फेरी ठरलेली.